स्वेटरच्या आतली पट्टी

गोव्यात स्वेटर घेणे हा तसा थट्टेचाच विषय. पेडण्यात किंवा डिचोलीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुके उतरते, बागायतीकडे निघालेला माणूस कानांवरून मफलर गुंडाळतो, आणि नऊ वाजले की तोच मफलर काखेत येतो. एवढाच आपला हिवाळा. पण आता आपल्यापैकी फार थोडी घरे केवळ गोव्यात राहतात. कुणाची आत्या बेळगावला, कुणाचा मामा धारवाडला, कुणाचा मुलगा बंगळूरला नोकरीला. साखळीहून गाडी चोर्ला घाट चढून गेली की खिडकीची काच वर करावी लागते. आणि 2023 च्या जानेवारीत मोप्याहून विमाने उडू लागल्यापासून दिल्लीची कडाक्याची थंडीसुद्धा पेडणे तालुक्यापासून अडीच-तीन तासांवर आली आहे.

म्हणजे स्वेटर लागतो, पण तो पारखण्याची सवय आपल्या हातांना नाही. तांदूळ चिमटीत घेऊन आपण जुना की नवा ते सांगतो, काजूगर पाहून प्रत सांगतो. स्वेटरच्या दुकानात मात्र रंग पाहतो, अंगाला लावून आरशात पाहतो आणि शेवटी किंमत पाहतो. आतल्या शिवणीला एक छोटी पांढरी पट्टी शिवलेली असते, तिच्याकडे लक्ष जात नाही. स्वेटर कशाचा आहे हे तिच्यावर टक्क्यांत लिहिलेले असते, आणि दुकानदार जे सांगतो त्यापेक्षा ती पट्टी बहुधा अधिक खरे बोलते.

त्या पट्टीवर हल्ली चार नावे वारंवार दिसतात : मेरिनो, लॅम्ब्सवूल, कॅशमियर आणि अ‍ॅक्रिलिक. आपण ती एकाच शिडीच्या चार पायऱ्या समजतो. खाली अ‍ॅक्रिलिक, वर कॅशमियर, मधे बाकीची दोन. मुळात ही नावे चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. मेरिनो हे मेंढीच्या जातीचे नाव. ही जात मूळ स्पेनची, आज तिची सर्वांत प्रसिद्ध लोकर ऑस्ट्रेलियातून येते. लॅम्ब्सवूल हे वयाचे नाव. कोकराची पहिली कातरणी, साधारण सात महिन्यांच्या आतली, म्हणजे लॅम्ब्सवूल. मग ते कोकरू कोणत्याही जातीचे असो. कॅशमियर हे दुसऱ्याच प्राण्याचे, म्हणजे बकरीचे. तिच्या वरच्या राठ केसांखाली थंडीत जी मऊ लव येते, ती विंचरून काढतात. आणि अ‍ॅक्रिलिक कोणत्याच जनावराच्या अंगावर उगवत नाही. ते खनिज तेलापासून कारखान्यात तयार होते.

यावरून एक गोष्ट लगेच कळते. नुसते 'लॅम्ब्सवूल' म्हटल्याने मऊपणाची हमी मिळत नाही. राठ जातीच्या मेंढीचे कोकरू आपल्या आईपेक्षा मऊ असेल, पण प्रौढ मेरिनोपेक्षा राठ असू शकेल. शर्टावरून घालायला लॅम्ब्सवूल उत्तम, उघड्या मानेला ते चालेलच असे नाही.

हा मऊ-राठ प्रकार समजून घ्यायला आपल्याकडे परदेशी नमुना शोधायला नको. घोंगडी आहेच. मराठीत घोंगडी म्हणा की कन्नडात कंबळी म्हणा, धनगरांच्या आणि कुरुबांच्या दख्खनी मेंढीची ती लोकर. चिंचोक्याची खळ लावलेली ती घोंगडी पावसात डोक्यावर घेतली तर पाणी बराच वेळ आत शिरत नाही, आणि रानात एक रात्र सहज निघते. पण उघड्या अंगावर घेतली तर टोचते. का टोचते, याला अगदी साधे कारण आहे. केस जाड असला की त्याचे टोक कातडीवर वाकत नाही, रुतते. बारीक केसाचे टोक कातडीला लागताच वाकते, म्हणून कळत नाही.

केसाची जाडी मोजतात मायक्रॉनमध्ये. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन. टोचण्याची सीमा तीस मायक्रॉनच्या आसपास आहे. कापडात तिसाहून जाड केसांचे प्रमाण शंभरात पाचाच्या वर गेले की बहुतेकांना ते बोचू लागते. घोंगडीच्या लोकरीत असे जाड केस भरपूर असतात. स्वेटरची चांगली मेरिनो सतरा ते वीस मायक्रॉनची असते, कॅशमियर एकोणीसच्या आत, आणि लडाखच्या चांगथांगी बकऱ्यांची पश्मिना बारा ते पंधराच्या घरात. 'मला लोकर सोसत नाही' असे म्हणणाऱ्या अनेकांना लोकर सोसत नसते असे नाही, त्यांना जाड केस सोसत नसतो. अशांच्या अंगावर बारीक मेरिनो घालून पाहिली तर बहुधा तक्रार राहत नाही.

कॅशमियर महाग का, तेही इथेच कळते. एका बकरीपासून वर्षाला जेमतेम दीडशे-दोनशे ग्रॅम लव मिळते आणि तीही सगळी वापरता येत नाही. एका स्वेटरला चारेक बकऱ्यांची वर्षभराची लव लागते. मेरिनो मेंढी एका कातरणीत काही किलो लोकर देते. म्हणून कुणी बाराशे रुपयांत 'प्युअर कॅशमियर' देऊ लागला तर बकऱ्यांचा हिशेब मनातल्या मनात करून पाहावा.

आता अ‍ॅक्रिलिक. हिवाळ्याच्या तोंडावर बेळगाव, हुबळी, कोल्हापूर अशा शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटरचे स्टॉल लावतात, ते आपल्या परिचयाचे आहेत. 1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी अनेकांचा हा हंगामी व्यवसाय झाला. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला त्यांची मोठी वसाहत आहे. विक्रेते तिबेटी म्हणून माल तिबेटी, आणि तिबेट थंड म्हणून तो अस्सल लोकरीचा, असा समज आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. प्रत्यक्षात हा माल बहुतेक करून पंजाबातल्या लुधियानाच्या होजिअरीतून येतो आणि त्यातला बराचसा अ‍ॅक्रिलिकचा असतो. यात विक्रेत्याची फसवणूक काही नाही. विचारले तर ते सांगतातही. आपणच विचारत नाही.

शब्दांचा घोळ मात्र आहे. 'वूलन' हा शब्द बाजारात कोणत्याही गरम कपड्याला लावतात, त्यात लोकर असो वा नसो. विणकामाच्या दुकानात 'लोकर' मागितली तरी बहुधा अ‍ॅक्रिलिकची गुंडी हातात पडते. आणखी एक शब्द आपल्या आई-मावशीच्या तोंडी होता, 'कॅशमिलॉन'. ऐकायला तो कॅशमियरचा भाऊ वाटतो. तो मुळात जपानी कंपनीच्या अ‍ॅक्रिलिक धाग्याचे व्यापारी नाव आहे. पुढे आपल्याकडे तसल्या सगळ्याच धाग्याला तेच नाव पडले. कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर 'खरे कॅशमिलॉन' म्हणून जपून ठेवलेला स्वेटर असतो. तो उबदार असेल, टिकाऊही असेल, पण त्याचा बकरीशी संबंध नाही.

मग या चारांत गरम कोणता? याचे उत्तर ऐकून अनेकजण नाराज होतात. स्वेटर स्वतः गरम नसतो. तो आपल्या अंगाची ऊब धरून ठेवतो, आणि ते काम मुख्यतः धाग्यांच्या मधे अडकलेली स्थिर हवा करते. म्हणून कोरड्या अंगाने, वारा नसताना, एकसारख्या जाडीचे आणि एकसारख्या विणीचे चार स्वेटर घातले, तर चारही नावांच्या उबेत माणसाला जाणवेल असा फारसा फरक नसतो. जाडजूड अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर पातळ मेरिनोपेक्षा नक्की गरम लागेल. 'कॅशमियर लोकरीपेक्षा आठपट गरम' असे काही विक्रेते सांगतात, त्यात तथ्य नाही. कॅशमियर खरोखर देते ते इतके, की थोड्या वजनात बरीच हवा धरते. अंगावर ओझे न वाटता ऊब मिळते, आणि मऊपणा तर आहेच.

फरक दिसतो तो घाम आल्यावर. लोकर, मग ती मेंढीची असो की बकरीची, हवेतला आणि अंगावरचा ओलावा धाग्याच्या आत शोषून घेते. स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेऊनही ती हाताला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णताही सोडते. अ‍ॅक्रिलिकचा धागा जवळजवळ काहीच शोषत नाही. त्यामुळे बसस्टॉपपर्यंत धावत गेलेला, किंवा गरम खोलीतून एकदम बाहेर पडलेला माणूस अ‍ॅक्रिलिकमध्ये आधी घामेजतो आणि मग तोच घाम थंड होऊन कुडकुडतो. शिवाय त्या घामाचा वास अ‍ॅक्रिलिकमध्ये लवकर बसतो. लोकरीचा स्वेटर रात्रभर खिडकीजवळ टांगला की बराचसा ताजा होतो.

आणि वारा. विणलेला स्वेटर म्हणजे शेवटी भोकांचे कापड. मोटारसायकलवर चोर्ला चढताना दहा हजारांचे कॅशमियर घातले तरी वारा आतली गरम हवा काढून नेणारच. तिथे वरून एखादे साधे विंडचीटर हवे. त्याखाली स्वेटर कुठलाही चालेल.

हे सगळे एका खऱ्या खरेदीवर घासून पाहू. आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेली डिचोली तालुक्यातली एक मुलगी जर्मनीतल्या विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी निघाली. तिकडचे सत्र ऑक्टोबरला सुरू होते, म्हणजे उतरल्या उतरल्या थंडी. वडील खाणीवर नोकरीला होते, आता छोटे दुकान चालवतात. आई खानापूरकडची. कर्ज काढून मुलीला पाठवत होते, त्यामुळे प्रत्येक हजाराला हिशेब होता. स्वेटरसाठी त्यांनी सात हजार बाजूला काढले होते, मोठे जाकीट वेगळे. खरेदी बेळगावात, कारण आजोळ तिथे. आजीचे म्हणणे एका वाक्यात संपले होते : "चळी बंदरे कंबळी बेकु." थंडी आली की कंबळीच हवी. आईचे म्हणणे, जाड म्हणजे गरम, दोन जाडजूड घेऊया. मुलीला एक मऊ पिस्ता रंगाचा आवडला होता. तिने तिथूनच मला फोन केला.

"सर, कॅशमियर अठराशेला मिळतंय. घेऊ का?"

"आतली पट्टी वाच."

थोडा वेळ शांतता. मग ती वाचू लागली. अ‍ॅक्रिलिक सत्तर टक्के, नायलॉन पंचवीस, लोकर पाच. समोर लटकवलेल्या कार्डावर मात्र मोठ्या अक्षरांत 'कॅशमियर टच' लिहिलेले होते. टच म्हणजे स्पर्श. स्पर्श तसा असेलही, कारण धाग्याला शेवटी मऊपणा देणारे द्रव्य लावले की अ‍ॅक्रिलिकही लोण्यासारखे लागते. दोन-चार धुण्यांत तो मऊपणा उतरतो.

दुकानात तिच्यासमोर आणखी तीन पर्याय होते. एक नऊशेचा जाड वेणीविणीचा, शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक. दुसरा अठ्ठावीसशेचा, लॅम्ब्सवूल ऐंशी टक्के आणि नायलॉन वीस. तिसरा चौतीसशेचा, पातळ, शंभर टक्के मेरिनो. शंभर टक्के कॅशमियर त्या दुकानात नव्हतेच. नामांकित दुकानांत ते आठ-दहा हजारांच्या घरात सुरू होते, म्हणजे तिच्या हिशेबाबाहेर.

आईने नऊशेच्याकडे बोट दाखवले, आणि पैशांचा हिशेब तिच्याच बाजूने आहे हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने धरले, आठवड्याला तीन दिवस घातला, तर एका हिवाळ्यात नव्वदेक वेळा तो अंगावर येणार. नऊशेचा स्वेटर एकाच हिवाळ्यात संपला असे धरले तरी वापरामागे दहा रुपये पडतात. चौतीसशेची मेरिनो दोन हिवाळे टिकली तर वापरामागे एकोणीस. नुसत्या किमतीवर अ‍ॅक्रिलिकच जिंकते, टिकाऊपणातही ते कच्चे नाही.

पण तिकडच्या दिवसाचा आकार वेगळा असतो. बाहेर शून्याखाली, आणि वर्गात, ग्रंथालयात, बसमध्ये वीस अंशांच्या आसपास. दिवसातून दहा वेळा आत-बाहेर. जाड स्वेटर आत गेल्यावर काढावा लागतो. तो अ‍ॅक्रिलिकचा असला तर काढेपर्यंत पाठ घामेजलेली असते आणि त्याच पाठीने परत बाहेर पडायचे. वसतिगृहात बऱ्याच ठिकाणी धुण्याच्या यंत्रात प्रत्येक वेळी पैसे टाकावे लागतात, तेव्हा वारंवार धुवावा लागणारा कपडा स्वस्तात पडतोच असे नाही. म्हणून मी सुचवले की पातळ मेरिनो घे, ती शर्टाखाली-शर्टावर दोन्हीकडे चालेल आणि आत गेल्यावर काढावी लागणार नाही. तिच्यावर लॅम्ब्सवूलचा एक. दोन्ही मिळून सहा हजार दोनशे. दोन थरांच्या मधेही हवा राहते, आणि थर एकेक करून काढता येतो. वरून जाकीट वाऱ्यासाठी. लॅम्ब्सवूलमधले वीस टक्के नायलॉन पाहून वडिलांना भेसळीची शंका आली. ते तिथे बळकटीसाठी असते. कोकराचा धागा कोपरावर लवकर विरतो, नायलॉन त्याला धरून ठेवते. ऐंशी-वीस हे प्रमाण प्रामाणिक. पट्टीवर वीस टक्के लोकर आणि ऐंशी टक्के इतर असेल तर मात्र तो लोकरीचा स्वेटर म्हणून विकत घेऊ नये.

उरलेल्या आठशेत तिच्या धाकट्या भावाला अ‍ॅक्रिलिकचा एक घेतला, आणि तोही निर्णय तितकाच बरोबर होता. तो बेळगावला आजोळी जाणार, वर्षातले आठ-दहा दिवस घालणार, त्याच्यावर आमटी सांडणार आणि पुढच्या वर्षी तो त्याला आखूड होणार. त्याच्यासाठी चौतीसशेची मेरिनो घेतली असती तर पहिल्या वर्षी दिवसाला साडेतीनशे-चारशे रुपये पडले असते.

पट्टीच खोटी असेल तर? तशी शंका आली तर दुकानात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. स्वेटर हनुवटीखाली मानेला लावून दोन मिनिटे तसाच धरावा. हाताचा तळवा राठ असतो, तो फसतो. मान फसत नाही. मग मनगटाची पट्टी ताणून सोडावी. ती लगेच मूळ जागी आली तर वीण चांगली. आणि स्वेटर उजेडासमोर धरावा. चाळणीसारखा आरपार उजेड दिसला तर धागा कोणताही असो, वारा आत येणार.

घरी आल्यावर खात्री करायची तर बटणाबरोबर पिशवीत जो जादा धागा येतो तो घ्यावा. शिवणीचा दोरा घेऊ नये, तो बहुधा पॉलिएस्टरचा असतो. धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवावा, लहान मुलांना दूर ठेवून. लोकर कुरकुरत जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते आणि राख बोटांत चुरडता येते. अ‍ॅक्रिलिक वितळत, काळा धूर सोडत जळत राहते आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात, तेव्हा अंदाज चुकतो. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी दुसरा उपाय दाखवला. काचेच्या छोट्या बाटलीत कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनचे ब्लीच घ्यायचे आणि धाग्याचा तुकडा त्यात बुडवून ठेवायचा. खिडकी उघडी हवी, आणि त्यात अ‍ॅसिड किंवा दुसरे कुठलेही द्रव्य मिसळायचे नाही. लोकर थोड्या वेळात बुडबुडे सोडत विरघळून जाते. अ‍ॅक्रिलिक जसेच्या तसे राहते. जे मागे उरले ते भेसळीचे माप.

मात्र या दोन्ही परीक्षा फक्त लोकर आणि कृत्रिम धागा एवढेच वेगळे करतात. मेरिनो, लॅम्ब्सवूल आणि कॅशमियर ही तिन्ही जनावरांची केसेच, ती सारखीच जळतात आणि सारखीच विरघळतात. त्यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली जाडी आणि केसावरचे खवले पाहूनच कळतो. म्हणून महागाचे कॅशमियर घ्यायचे तर बिल देणाऱ्या, परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्यावे.

खरेदीनंतरचा प्रश्न आपल्या भागात अधिक मोठा आहे, तो म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर पेडण्या-डिचोलीत कपाटातल्या चामड्याच्या चपलेवरही बुरशी चढते. त्यात कसर. तिच्या अळीला लोकर आणि कॅशमियर खायला आवडते, त्यातही घामाचा किंवा जेवणाचा डाग पडलेली जागा आधी. अ‍ॅक्रिलिकला ती सहसा तोंड लावत नाही. वर्षातून आठ दिवस स्वेटर घालणाऱ्या गोव्यातल्या घराने अ‍ॅक्रिलिक घ्यावे असे मी म्हणतो ते निव्वळ पैशांसाठी नाही. दहा महिने तो कपाटातच राहणार आहे.

लोकरीचा असेल तर ठेवण्याआधी धुतलाच पाहिजे, एकदाच घातलेला असला तरी. कोमट नव्हे, गारच पाणी घ्यावे, त्यात रिठा किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण. चोळू नये, पिळू नये. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाळाचा होतो, मग तो कुणालाही सुटा करता येत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवा पसरावा. दोरीवर टांगला तर ओल्या वजनाने लांबतो. अ‍ॅक्रिलिक यंत्रात चालते, पण त्यावर गरम इस्त्री किंवा वाफ फिरवू नये. उष्णतेने त्याचा ताण जातो आणि तो कायमचा ढिला, निर्जीव होतो.

पूर्ण वाळल्यावर, म्हणजे हाताला वाळला वाटल्यानंतरही आणखी एक दिवस ठेवून, घट्ट झिपच्या पिशवीत बंद करावा. डांबराच्या गोळ्या आपल्या सवयीच्या, पण त्यांचा धूर बाहेर जाऊ नये आणि लहान मुलांच्या हाती लागू नयेत. कसर लागल्याची शंका आली तर दुसरा उपाय आहे. पिशवी नीट बंद करून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवावी. अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, घराच्या तापमानाला येऊ द्यावी. नाहीतर थंड लोकरीवर दव धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळते.

आमच्या त्या मुलीचा परवा निरोप आला. मेरिनो रोज अंगात असते, लॅम्ब्सवूल जाकिटाखाली. कोपराजवळ मेरिनोवर बारीक गोळे आले आहेत, काय करू, असे तिने विचारले आहे. बारीक मऊ धाग्यावर घर्षणाने गोळे येणारच, कॅशमियरवर तर अधिक येतात. ते ओढून काढू नकोस, धागा सुटतो, छोट्या कात्रीने वरचेवर काप, असे तिला कळवले. पहिले काही महिने सुटे धागे निघून गेले की गोळे कमी होतात. अ‍ॅक्रिलिकचे मात्र तसे नाही. तो धागा चिवट असल्यामुळे गोळा गळून पडत नाही, तिथेच चिकटून राहतो. जुना स्वेटर हातात घेतला आणि त्याची पट्टी पुसली गेलेली असली, तर त्याचे कोपर पाहावे. तिथे घट्ट गोळ्यांची दाटी असेल तर तो बहुधा अ‍ॅक्रिलिकचा.